बांगड्या भरताना सांगितलेला पिन

काचेच्या बांगड्या नुकत्या भरलेली बाई थोडा वेळ कशालाच हात लावत नाही. साबणाच्या पाण्यानं मनगट ओलं असतं, हाताची कातडी लाल झालेली असते, आणि भरल्या भरल्या एखादी बांगडी वाढली, फुटली असं म्हणायचं नसतं, तर दिवसभर मनाला लागून राहतं. म्हणून ती दोन्ही हात छातीपाशी वर धरून बसते आणि जे करायचं ते दुसऱ्याला सांगते. पदर सावर. पिशवी धर. लेकराचं नाक पूस. पूर्वी म्हणायची, कमरेच्या पिशवीतून पैसे काढून घे. आता मोबाइल पुढं करते आणि म्हणते, तूच दाब.

औंढ्याला नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत आमचं मन्याराचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी, पुढं लाकडी फळी, फळीवर बांगड्यांचे गोल. माझे मालक आठवडी बाजार करतात आणि मी टपरी सांभाळते. सोमवारी आणि सणावाराला दोघंही इथंच. सासूबाईंनी मला हात दाबायला शिकवलं. अंगठ्याच्या बुडाशी कुठं दाबलं की हात मऊ होतो, कुठल्या हाताला दोन-चारचं माप बसेल आणि कुठली बाई दोन-सहाचा हात असून दोन-चारचा हट्ट धरेल, हे हात बघूनच कळतं. माणसाचा चेहरा मी विसरेन, हात विसरत नाही.

मी माझ्या मोबाइलवर पैसे घ्यायला लागले तेव्हा मालकांचा विरोध होता. ते म्हणाले, "तेरे को क्या जरूरत है? मेरा है ना." त्यांचा होताच. त्यांच्या खात्याचा स्कॅन करायचा चौकोन टपरीला चिकटवलेला होता, आणि ते जवळाबाजारच्या बाजारात बसलेले असताना इथं मी भरलेल्या बांगड्यांचे पैसे तिकडं त्यांच्या खिशात वाजायचे. पैसे आले की नाही, हे मला फोन करून विचारावं लागायचं. फोन लागला नाही तर गिऱ्हाईक तोंडाकडं बघत उभं. एक बाई तर मला मोबाइलच्या पडद्याचा फोटो दाखवून गेली, बघा पैसे गेले म्हणून. आलेच नव्हते. फोटो कुणालाही काढता येतो, हे मला त्या दिवशी समजलं. माझं खातं होतं, माझा नंबर खात्याला जोडलेला होता, बँकेचं कार्ड पेटीत फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. मग मी कशाला कुणाच्या खिशाकडं कान लावून बसू?

पहिल्याच दिवशी अ‍ॅपनं मला तोंडावर पाडलं. त्यानं विचारलं, कुठलं सिम? माझ्या फोनमध्ये दोन सिम. मालकांनी नेटसाठी म्हणून दुसरं घालून दिलेलं. मी तेच दाबलं, कारण नेट त्याच्यावर चालायचं. अ‍ॅपनं आपलं आपण एक मेसेज पाठवला, थोडा वेळ चक्र फिरवलं आणि सांगितलं, या नंबरावर खातं सापडलं नाही. मी दिवसभर बँकेला शिव्या दिल्या. संध्याकाळी लक्षात आलं की बँकेत दिलेला नंबर जुन्या सिमचा. ते सिम निवडलं तर त्याच्यात मेसेज जाण्यापुरताही रिचार्ज नव्हता. तो मारला. मग खातं सापडलं. कार्डाचे शेवटचे सहा आकडे विचारले, कार्ड कधी संपतं ते विचारलं, मोबाइलवर आलेला ओटीपी घेतला, आणि मग म्हणालं, आता तुमचा पिन बनवा.

मालक शेजारीच बसले होते. म्हणाले, शादी की तारीख डाल दे, दोनों के ध्यान में रहेगी. मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. जो आकडा टाकला तो आजतागायत कुणालाही माहीत नाही, त्यांनाही नाही. ते दोन दिवस रुसले. रुसू देत. लग्नाची तारीख सगळ्या गावाला माहीत असते.

माझा चौकोन टपरीला लागला आणि गल्लीतल्या बायका येऊन बघायला लागल्या. त्यात एक काकू होत्या.

काकूंचं घर देवळाच्या मागच्या अंगाला. घरात पिढीजात देवाची सेवा. काकांचं पूजेच्या सामानाचं दुकान. बेल, कापूर, नारळ, अभिषेकाचं ताट. काकू घरी बसून वाती वळायच्या. साध्या वाती, फुलवाती, श्रावणात लाखाच्या वाती. कापूस चिमटीत धरून त्यांची बोटं अशी चालायची की आपण बोलत राहावं आणि त्यांच्या पुढं ढीग लागत जावा. या वाती काकांच्या दुकानात विकल्या जायच्या आणि पैसे काकांच्या चौकोनात पडायचे. तेच माझ्यासारखं. रोकडा यायचा तेव्हा काका वातींचे सुटे पैसे संध्याकाळी काकूंच्या हातावर ठेवायचे. मोबाइल आला आणि ते हातावर ठेवणं बंद झालं.

मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून काकूंच्या हातात माझ्याच घरच्या बांगड्या. आधी सासूबाई भरायच्या, मग मी. बांगड्या भरून झाल्या की आमच्याकडं बायका मन्यारणीला नमस्कार करतात. काकूही करायच्या. सोवळ्याओवळ्याच्या घरातली, वयानं मोठी बाई मला वाकून नमस्कार करायची तेव्हा पहिल्या वेळी मी दचकून पाय मागं घेतले होते. त्या हसून म्हणाल्या होत्या, "अगं भाभी, तुला न्हाई, तुझ्या हाताला." त्यांच्या लेकीच्या बारशालाही मीच काळ्या मण्यांची बांगडी घातली. ती लेक चालायला लागली ती टपरीच्या फळीला धरून. तिच्या लग्नाचा हिरवा चुडा मी भरणार, हे ठरलेलंच होतं. ठरवावं लागलं नव्हतं.

तर काकू एका दुपारी मोबाइल घेऊन आल्या. घरातला मोठा मोबाइल तोच एक. काकांकडं बटणाचा होता आणि त्यांच्या दुकानात पैसे आल्याचं सांगणारा डबा होता, तेवढ्यावर त्यांचं भागायचं. काकू म्हणाल्या, "मला बी तुझ्यासारखा चौकोन पायजे. ह्यांला सांगू नको. लेकीच्या लग्नात मला माझ्या पैशाची साडी घेयाची हाय तिला. माझ्या वातीच्या पैशाची."

खातं त्यांचं होतं, सिम त्यांच्याच नावावर, नंबर तोच. कार्ड त्या ब्लाउजमध्ये ठेवून आल्या होत्या. बाकी सगळं भराभर झालं. पिनच्या जागी आल्यावर मी फोन त्यांच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.

"तिकडं काहून बघून राहिलीस?"

"तुमचा आकडा तुम्ही टाका. मला दिसायला नको."

"तुझ्यापासून काय लपवायचं गं? तू काय परकी हायस?"

मी त्यांना सांगितलं. हा आकडा म्हणजे पेटीची किल्ली. कुणाला सांगायचा नाही. बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही. पैसे द्यायचे असतील तेव्हाच तो टाकायचा, पैसे घ्यायचे असतील तेव्हा कधीच लागत नाही. देताना आधी पडद्यावर समोरच्याचं नाव येतं, ते वाचायचं, मगच पुढं जायचं. पैसे आले म्हणून कुणी काही दाखवलं तर त्याच्या फोनकडं नाही, आपल्या फोनकडं बघायचं. काकूंनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि आकडा टाकता टाकता तोंडानं मोठ्यानं म्हणाल्या. शेजारी बसलेल्या दोघीजणी हसल्या. मी कपाळाला हात लावला.

मग वातींचे पैसे काकूंच्या चौकोनात पडायला लागले. काकूंनी नवीनच बोलणं सुरू केलं. माझ्या खात्यात. माझ्या खात्यात आले. माझ्या खात्यातून दिले. त्या शब्दावर असा जोर द्यायच्या की मला मजा वाटायची. काकांना कळलंच, पण तोवर उशीर झाला होता. यात्रेकरू काकूंकडून थेट वाती घ्यायला लागले होते.

आणि बांगड्या भरताना त्या मोबाइल पुढं करून म्हणायच्या, "तूच दाब. पिन तुला ठावूक हाय."

एकट्या काकूच नाहीत. माझ्या फळीवर बसणाऱ्या किती बायका असं करायच्या. हात वर धरायचा आणि आकडा भर गल्लीत सांगायचा. मी ओरडायचे. म्हणायचे, हात वाळू द्या, बसा दोन मिनिटं, मग आपल्या बोटानं दाबा. त्या म्हणायच्या, बस निघून राहिली, तू दाब. एखादीच्या लेकराला भूक लागलेली, एखादीची सासू वर उभी. कधी कधी मी दाबायचे. गर्दीत फळी मोकळी करायची असते, आणि सगळ्या जगाला शिस्त लावायचा ठेका मी घेतलेला नाही.

लग्न जवळ आलं. काकू शेजारच्या दोघींना घेऊन चुड्याची काच पसंत करायला आल्या. मी हिरव्याच्या चार छटा काढून ठेवल्या होत्या. त्यांना जी आवडली ती महाग होती. त्या म्हणाल्या, थांब, बघते माझ्या खात्यात किती हायत. फोन उघडला, खात्यावर बोट ठेवलं, पिन टाकला. आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

मी मान वर केली. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. "हे काय?" म्हणाल्या. फोन शेजारणीला दाखवला, पुन्हा स्वतः बघितला, पुन्हा पिन टाकला. खात्यात जवळपास काही नव्हतं. साडीचं गेलं होतं, चुड्याचंही गेलं होतं. वर्षभर वळलेल्या वाती गेल्या होत्या.

मला खरंच त्यांच्यासाठी वाईट वाटलं. मी म्हणत होते, थांबा, कुणाला गेले ते अ‍ॅपमध्ये लिहिलेलं असतं, आपण बघू. एवढ्यात शेजारीण म्हणाली, "पिन कुणाकुणाला ठावूक व्हता?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं.

एवढंच. आधी बघितलं. त्या बघण्यात माझ्या हाताखालचे इतके दिवस, बारशाची बांगडी, वाकून केलेला नमस्कार, सगळं एका बाजूला सरलं आणि मी फळीच्या पलीकडची बाई झाले. मग त्या म्हणाल्या, "भाभी, पिन तर तुलाच ठावूक व्हता."

माझं डोकं फिरलं. मी रागीट आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी बांगड्यांचा गोल फळीवर असा आपटला की तीन-चार वाढल्या. म्हटलं, "चला बँकेत. आत्ता. टपरी उघडी टाकून येते मी."

"तसं न्हाई म्हनले मी..."

"तसंच म्हणालात. चला."

गल्लीतून आम्ही निघालो तेव्हा मागं कुजबुज होती. कुणीतरी "ह्या लोकांचं असंच" म्हणालं, कुणीतरी "गप रे" म्हणालं. ज्यानं गप म्हटलं त्याचाही मला राग आला. गप म्हणायचं म्हणजे म्हणण्यासारखं काही आहे, असंच झालं ना. काकांच्या दुकानावरून जाताना काकूंनी त्यांना हाक मारली. काका आले. दुकानातून उठायला त्यांनी जरा जास्तच वेळ लावला, का ते मला तेव्हा कळलं नाही.

बँकेत खिडकीवर एक मॅडम होती. तिनं काकूंचा फोन हातात घेतला नाही. म्हणाली, तुमचा तुम्हीच उघडा, आणि कुठं दाबायचं ते बोटानं दाखवलं. सगळे व्यवहार यादीत होते. वातींचे आलेले बारके बारके. माझ्या टपरीवर दिलेले, माझ्या नावावर, बांगड्यांचेच. आणि एक मोठा, कुण्या परक्या माणसाच्या नावावर. त्याला आठवडा उलटून गेला होता.

"हे नाव ओळखीचं आहे?"

काकू नाही म्हणाल्या. काका भिंतीवरचा कर्जाचा कागद वाचत होते.

मी म्हणाले, "मॅडम, यांचा पिन मला माहीत आहे. यांनीच सगळ्या गल्लीत सांगितलेला. मला एवढंच सांगा, पिन माहीत असला तर माझ्या फोनवरून मी यांचे पैसे काढू शकते का?"

"नुसत्या पिनवर नाही. खातं ज्या सिमला जोडलंय ते सिम त्या फोनमध्ये लागतं, मगच अ‍ॅप चालू होतं. हे पैसे याच फोनवरून गेलेत. त्या दिवशी दुपारी फोन कुठं होता?"

काकूंनी दिवस आठवला. जिंतूरचे पाहुणे जेवून गेले होते आणि त्या पडल्या होत्या. फोन चार्जिंगला लावलेला. मी तर त्या दिवशी मालकांबरोबर बाजाराला गेले होते, टपरी बंद होती, हे समोरच्या कापूरवाल्यापासून सगळ्यांना माहीत. पण ते सांगायची वेळच आली नाही. मॅडम म्हणाली, "मेसेज बघा जरा त्या दिवसाचे. कुणी काही पाठवलंय का?"

काकूंनी मेसेज उघडले. एका अनोळखी नंबरावरून एक चौकोन आलेला होता. पैसे घ्यायच्या चौकोनासारखाच. वर लिहिलेलं, स्कूटरचा ॲडव्हान्स, स्कॅन करून स्वीकारा. त्याच्या खाली काकूंच्या फोनवरून गेलेलं उत्तर होतं, ठीक आहे साहेब.

काकूंना साहेब म्हणायची सवय नाही.

काकांची जुनी स्कूटर कधीपासून ओट्याखाली झाकून ठेवलेली. विकायची म्हणून दुकानातल्या कुण्या ओळखीच्यानं तिचा फोटो मोबाइलवर टाकून दिला होता, आणि नंबर घरातल्या मोठ्या मोबाइलचा दिला होता. काका अजून भिंतीकडं बघत होते. काकूंनी नुसतं "अहो" म्हटलं.

मग काका बोलले. आवाज एकदम बारीक. "तो म्हनला, पैसे पाठवून राहिलो, चौकोन स्कॅन करा, पिन टाका, मंग जमा व्हतील. लष्करात हाय म्हनला. मला वाटलं, खात्यात यायला पिन लागत असंल. तुझा पिन तर घरात समद्यांलाच ठावूक."

मॅडम म्हणाली, "काका, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे तुम्ही दिले. चौकोन स्कॅन करणंसुद्धा द्यायसाठीच असतं." आणि मग हळू म्हणाली, "गेल्या गेल्या सायबर हेल्पलाइनला कळवलं असतं तर पुढच्या खात्यात अडवता आले असते कदाचित. आता इतके दिवस झाले. तक्रार तरी करा, मी इथलीही लिहून घेते. पण भरवसा देत नाही."

इतके दिवस. काकांना त्याच मिनिटाला कळलं होतं. त्यांच्यासमोर पैसे गेले होते, समोरच्यानं फोन बंद केला होता, आणि हा माणूस फोन पुन्हा चार्जिंगला लावून दुकानात जाऊन बसला होता. बायको झोपेतून उठली, त्यानं चहा मागितला. आणि आज बायको गल्लीत माझ्या अंगावर आली तेव्हाही तो गप्प होता. दुकानापासून बँकेपर्यंत आमच्या मागून चालत आला तोंड शिवून. त्याला माहीत होतं मी चोर नाही. सगळ्या औंढ्यात हे पक्कं माहीत असलेला तो एकटाच माणूस होता.

मी त्यांना काय काय बोलले असते. बँकेत बोलले नाही, कारण काकू बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या बोटांची उगीचच कापूस वळल्यासारखी हालचाल चालली होती.

पायऱ्यांवर काकूंनी माझा हात धरला. मला वाटलं, आता म्हणतील. चुकलं म्हणतील, किंवा नुसतं भाभी म्हणतील तरी चालेल. त्या म्हणाल्या, "भाभी, गल्लीत सांगू नको गं. लग्नघर हाय. पाहुन्यांच्या कानावर गेलं तर ह्यांची काय इज्जत राहील? लोक हसतील ह्यांला."

"आणि माझी?"

"तुझं काय? तू कुठं केलंयस? तुला तर ठावूक हाय तू न्हाई केलं."

बाई मनापासून बोलत होती. तिला खरंच वाटत होतं की मला माहीत आहे एवढं बास. त्यांचा माणूस हसण्याचा धनी होऊ नये म्हणून मी संशयाची धनीण व्हावं, यात तिला काही वावगं दिसत नव्हतं. मी घरी गेले आणि मालकांना सगळं सांगितलं. ते शिव्या देतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "चुप बैठ. अपने को इसी गली में धंदा करना है." त्यांच्या या वाक्याचा मला काकांपेक्षाही जास्त राग आला, कारण ते खरं होतं.

गल्लीत कुणी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. बायका यायच्या, बांगड्या भरायच्या, पैसे द्यायची वेळ आली की हात वाळेपर्यंत बसायच्या. घाई असली तरी बसायच्या. आता कुणाची बस सुटत नव्हती. मी वर्षभर ओरडून जे शिकवत होते ते एका दिवसात सगळ्यांना आलं. आकडा टाकताना फोन पदराआड जायचा. मीही तोंड फिरवायचे, कुणी सांगायच्या आधी. टपरीच्या मागच्या पत्र्याला एक गंजाचं भोक आहे, ते मी इतक्या वेळा बघितलं की ते मोठं होत चाललंय हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नसेल.

चुडा भरायला मला बोलावणं आलं नाही. हिंगोलीहून एक कासार आला. मुलाकडच्यांचा आग्रह, असं सांगण्यात आलं. मी काढून ठेवलेल्या चार छटा तशाच कागदात बांधून वर ठेवल्या. वरात गल्लीतून गेली तेव्हा ती लेक टपरीपाशी जरा थांबली. हात वर करून मला दाखवले. हिरवा चांगला होता. पण बांगड्या सैल होत्या, कोपरापर्यंत सरकत होत्या. परक्या माणसानं हात दाबायला लाजून मोठं माप घातलं होतं. पहिल्या पंधरवड्यातच अर्ध्या वाढणार, हे मला तिथूनच दिसत होतं. मी हसले आणि छान आहे म्हणाले. आत येऊन रडले, हेही सांगते, लपवायचं काय त्यात.

श्रावणात काकू आल्या.

नेहमीच्या जागेवर बसल्या, नेहमीसारखा हात पुढं केला. दोघी-तिघी भोवती होत्या. मी हात घेतला. साबण लावला, अंगठ्याच्या बुडाशी दाबलं. हात मला ओळखत होता, लगेच मऊ झाला. माणूस खोटं वागतं, हात वागत नाही. मी दोन्ही हात भरले. काकू वातींचं बोलत होत्या, लेकीला दिवस गेल्याचं बोलत होत्या. मधल्या त्या गोष्टीचं एक अक्षर नाही. मला वाटलं, आल्या हेच पुष्कळ. वाटलं, माफी मागायला सगळ्यांना तोंड कुठं असतं, काही जण नुसता हात पुढं करतात. तेवढ्यानंच माझा राग अर्धा उतरला होता, खोटं कशाला बोलू.

बांगड्या भरून झाल्या. काकू वाकल्या आणि माझ्या हाताला नमस्कार केला, पूर्वीसारखाच.

मग त्यांनी हात वाळवले. फोन काढला. माझा चौकोन स्कॅन केला, पडद्यावर माझं नाव आलं ते मोठ्यानं वाचून खात्री करून घेतली, जसं मी शिकवलं होतं तसं. पैशाचा आकडा टाकला. आणि पदर ओढून फोन झाकला. माझ्याकडून झाकला. दुसऱ्या बाजूला त्यांची शेजारीण बसलेली, ती बाजू उघडीच होती.

पैसे आल्याचं माझ्या फोननं सांगितलं. काकूंनी पदर सोडला आणि समाधानानं म्हणाल्या, भोवतीच्या बायकांनाही ऐकू जाईल असं, "पिन बदलला बरं का मी. आता बाहेरच्या कुणालाच ठावूक न्हाई. फक्त ह्यांला."